परिच्छेद चौदा जागचा हलू नये
मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरल यांना खुले पत्र

प्रति,
मा. रजिस्ट्रार जनरल,
उच्च न्यायालय, मुंबई



उल्हासनगरच्या दिवाणी न्यायालयात मराठीत लिहिलेला निकाल दुसऱ्या अपिलात आपल्या इमारतीत पोचतो, तेव्हा युक्तिवाद चालतो तो त्याच्या इंग्रजी पानांवरून. मूळ मराठी प्रत जोडलेली असते, पण ती उघडण्याची वेळ क्वचित येते. हे पत्र त्या इंग्रजी पानांविषयी आहे. ती तयार करणारी माणसे उल्हासनगर कॅम्प 2 सारख्या ठिकाणी, गजानन मार्केटच्या आसपासच्या गल्लीत, वकिलांच्या कचेरीत मागच्या टेबलावर बसलेली असतात. त्यांना मराठी येते आणि इंग्रजीही येते. निकालातली कोणती गोष्ट हलवायची नाही, हे मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना कोणी लेखी सांगितलेले नसते. ते आपण सांगावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक आहे. हे पत्र इतर लोकही वाचणार, म्हणून दोन ओळी. राज्य शासनाने 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 137 तसा अधिकार देते. त्याच कलमामुळे खालच्या न्यायालयात इंग्रजीत लिहिण्यालाही वाव राहतो, म्हणून दोन्ही भाषांतले निकाल शेजारी शेजारी सापडतात. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद 348 ने इंग्रजी ठरवली आहे. मराठी निकालाला वर चढायचे तर मधे भाषेचा एक जिना आहे, आणि तो बांधण्याचे काम बहुधा अपील करणाऱ्या पक्षाकडेच येते.

निकालाला स्वतःचा सांगाडा असतो आणि तो कायद्याने दिलेला आहे. संहितेच्या आदेश 20 नियम 4 प्रमाणे दिवाणी निकालात दाव्याची थोडक्यात हकिकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे यायला हवीत. मराठी निकालपत्रात सुरुवातीला एक तक्ता असतो. डावीकडे मुद्दे, उजवीकडे ‘होकारार्थी’ किंवा ‘नकारार्थी’. त्याखाली ‘कारणमीमांसा’ असे शीर्षक आणि मग क्रमांक घातलेले परिच्छेद. अनुवादक हरवतो तो याच भागात. तक्ता कोणीही उतरवतो, शेवटचा आदेश सगळे डोळ्यांत तेल घालून उतरवतात, आणि मधली आठ-दहा पाने ‘अर्थ कळला म्हणजे झाले’ अशा धोरणाने पार पडतात. अपिलात तपासली जातात ती नेमकी तीच पाने.

एक नमुना घेऊ. तो रचलेला आहे, कोणत्याही खऱ्या दाव्यातला नाही. पण कॅम्प 2 मधल्या बराकींच्या दाव्यांत असे परिच्छेद वारंवार दिसतात. बराकीतल्या एका ब्लॉकचा वाद आहे. वादीकडे नोंदणी न झालेले साठेखत आहे, मूळ मालकाच्या वारसाने हरकत घेतली आहे आणि वादीने निरंतर मनाई हुकूम मागितला आहे. न्यायाधीश परिच्छेद 14 मध्ये लिहितात:

‘वादीने साठेखत निशाणी 31 वर हजर केले आहे. ते नोंदणीकृत नाही. त्यावरून वादीस मालकी प्राप्त होत नाही. तथापि प्रस्तुत दावा मालकी ठरवून मिळण्याचा नसून ताब्याच्या संरक्षणाचा आहे. निशाणी 34 ते 38 वरील वीजदेयके वादीच्या नावे असून ती दावा दाखल होण्यापूर्वीच्या सलग कालावधीतील आहेत. त्यावरून वादीचा ताबा दिसून येतो. प्रतिवादीने ताबा नाकारला आहे, परंतु त्यापुष्ट्यर्थ कोणताही पुरावा दिलेला नाही. सबब मुद्दा क्र. 1 चे उत्तर होकारार्थी देण्यात येते.’

आठ वाक्ये. कोणताही हुशार अनुवादक यांना हात लावायला धजावतो, कारण इंग्रजीत ती तुटक वाटतात. इंग्रजी परिच्छेदाला निष्कर्ष वर घेण्याची सवय आहे, म्हणून तो निष्कर्ष वर घेतो. प्रतिवादीने पुरावा दिला नाही हे ठसठशीत कारण, म्हणून ते त्याच्या पाठोपाठ येते. वीजबिले ‘याशिवाय’ म्हणून शेवटी जातात आणि साठेखताची तीन वाक्ये एका गौण वाक्यात गुंडाळली जातात. परिच्छेद आता वाचायला छान झाला. त्याचा मराठी गोषवारा असा होईल: ‘प्रतिवादीने काहीच पुरावा न दिल्याने आणि साठेखत नोंदणीकृत नसले तरी वीजबिलेही वादीच्या नावे असल्याने वादीचा ताबा शाबीत झाला आहे.’

यातले एकही विधान सुटे घेतले तर फारसे खोटे नाही, पण निकाल बदलला आहे. मूळ परिच्छेदात न्यायाधीशांनी आधी वादीच्या पुराव्याकडे पाहिले, त्यावरून ताबा दिसतो असे म्हटले, आणि मगच प्रतिवादीने त्याला काय उत्तर दिले ते तपासले. शाबितीची जबाबदारी आधी दावा करणाऱ्यावर, हा पुराव्याच्या कायद्याचा पाया. जुन्या अधिनियमात तो कलम 101 मध्ये होता, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्ये कलम 104 मध्ये आहे. इंग्रजी रूपात मात्र न्यायाधीशांनी प्रतिवादीच्या दुबळेपणावर वादीला जिंकवले, असे दिसते. अपिलाच्या मेमोमध्ये पहिला मुद्दा तयार झाला: खालच्या न्यायालयाने शाबितीची जबाबदारी चुकीच्या खांद्यावर टाकली. ही चूक कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या कोणत्याही न्यायाधीशाने केलेली नाही. ती टेबलावर जन्मली.

उलटही घडते, आणि ते पकडायला अवघड असते. मूळ निकालात खरोखरच घोडे गाडीमागे जुंपलेले असेल, म्हणजे न्यायाधीशांनी प्रतिवादीची उणीव आधी मोजून वादीचा पुरावा नावापुरता पाहिला असेल, तर अनुवादक तो परिच्छेद ‘सरळ’ करतो आणि अपीलकर्त्याचा खरा मुद्दा नाहीसा होतो. दुसऱ्या अपिलात, संहितेच्या कलम 100 खाली, फक्त महत्त्वाचा कायदेविषयक प्रश्न विचारता येतो. शाबितीच्या जबाबदारीची गफलत हा तसा प्रश्न ठरू शकतो. अनुवादकाने नकळत तो मिटवला, तर पक्षकाराला कळणारही नाही.

म्हणून पहिली विनंती क्रमाची. परिच्छेदाचा क्रमांक मुळातलाच राहावा आणि एका परिच्छेदाचे दोन किंवा दोनांचा एक करू नये. परिच्छेदाच्या आत विधाने मुळातल्याच क्रमाने यावीत. वाक्य लांब असेल तर इंग्रजीत तोडायला हरकत नाही, पण तुकडे त्याच रांगेत उभे राहावेत. ‘सबब’, ‘तथापि’, ‘त्यामुळे’, ‘वास्तविक पाहता’ हे सांधे आहेत. प्रत्येकाला इंग्रजीत आपला सांधा मिळावा. मराठी निकालात ‘असल्याने, नसल्याने, पाहता’ अशी तीन-चार उपवाक्ये एकामागून एक येतात आणि क्रियापद शेवटी पडते. त्या गोष्टी मिळून एक कारण आहेत, की प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेशी आहे, हे मुळात संदिग्ध असेल तर इंग्रजीतही ते संदिग्धच राहायला हवे. अपिलात एक कारण कोसळले तर उरलेल्यांवर निष्कर्ष तगतो का, हा प्रश्न न्यायमूर्तींचा आहे. अनुवादकाने ‘आणि’ऐवजी ‘शिवाय’ घालून त्याचे उत्तर आधीच देऊ नये.

युरोपीय संघाच्या न्यायालयाचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. त्याचे निकाल संघाच्या अनेक भाषांत निघतात, आणि परिच्छेदांचे क्रमांक सगळीकडे तेच असतात. पोर्तुगीज वकील परिच्छेद 43 म्हणाला की फिनलंडचा वकील आपल्या भाषेतला 43 उघडतो. ते काम करणारे लोक कायद्याचे पदवीधर असतात. उल्हासनगरच्या टेबलावर कायद्याचा पदवीधर बसवणे दर वेळी जमणार नाही, पण परिच्छेदाचा क्रमांक जपायला पदवी लागत नाही.

क्रमाइतकाच नाजूक प्रश्न आवाजाचा आहे. निकालात किमान तीन आवाज असतात: वादी काय म्हणतो, प्रतिवादी काय म्हणतो आणि न्यायालयाला काय पटले. मराठीत ‘वादीचे कथन थोडक्यात असे की’ एकदा लिहिले की पुढची दहा वाक्ये त्याच्याच तोंडची असतात, आणि प्रत्येक वाक्यावर तशी खूण नसते. ‘दावा मिळकत 1998 पासून वादीच्या ताब्यात आहे. प्रतिवादी हा तेथे कधीही राहिलेला नाही.’ मराठी वाचक ओघात समजतो की हे अजून वादीच बोलतो आहे. इंग्रजीत ती वाक्ये सुटी, साध्या वर्तमानकाळात आली की न्यायालयाचा निष्कर्ष वाटतात. त्यातले एखादे उचलून युक्तिवादात वाचून दाखवले, की समोरच्या वकिलाला ते पक्षकाराचे म्हणणे होते हे सांगत बसावे लागते. म्हणून अशा भागात इंग्रजीत दर दोन-तीन वाक्यांनी ‘वादीच्या म्हणण्यानुसार’ या अर्थाची खूण पेरणे ही भर नव्हे, ती मुळातल्या अर्थाची भरपाई आहे. उलट कारणमीमांसेत असली खूण चुकूनही पडू नये.

आवाजाचाच पोटप्रश्न म्हणजे निष्कर्षाचे वजन. ‘दिसून येते’, ‘निष्पन्न होते’ आणि ‘शाबीत होते’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अनुभवी न्यायाधीश त्या जाणून वापरतात. तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावर ते ‘प्रथमदर्शनी दिसून येते’ म्हणतील आणि अंतिम निकालात ‘शाबीत’. तिन्हींना ‘प्रूव्ह्ड’ केले की अंतरिम आदेश अंतिम निकालासारखा वाजू लागतो. पुराव्याच्या कायद्यात तर ‘शाबीत’, ‘नाशाबीत’ आणि ‘शाबीत न झालेले’ असे तीन कप्पे आहेत. दुसऱ्यात गोष्ट घडलीच नाही असे न्यायालयाला पटलेले असते. तिसऱ्यात इकडचे की तिकडचे ते ठरलेले नसते. निकालात ‘वादीने शाबीत केलेले नाही’ असे असेल तर ते ‘नॉट प्रूव्ह्ड’. ‘डिसप्रूव्ह्ड’ लिहिणाऱ्याने वादीला खोटा ठरवले.

आता शब्दांकडे. कायद्याच्या शब्दांचे कोश उपलब्ध आहेत. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहाराच्या परिभाषेवर केलेले काम मोठे आहे. पण ते मुख्यतः इंग्रजीकडून मराठीकडे नेते, आणि निकाल लिहिणारे न्यायाधीश कोशातल्याइतकेच बारमधले शब्द वापरतात. उलटी वाट वेगळी निघते.

सगळ्यांत महागात पडणारे उदाहरण दावा संपवण्याच्या क्रियापदांचे. दावा ‘फेटाळला’ म्हणजे ‘डिसमिस्ड’. वादपत्र ‘नामंजूर’ केले म्हणजे आदेश 7 नियम 11 खाली ‘रिजेक्टेड’. वादपत्र ‘परत’ केले म्हणजे नियम 10 खाली ‘रिटर्न्ड’. बोलताना तिन्हींना ‘दावा उडाला’ म्हणतात. परिणाम तीन. गुणदोषांवर फेटाळलेला दावा पुन्हा आणता येत नाही. नामंजूर झालेल्या वादपत्राच्या जागी, मुदत उरली असेल तर, नवे वादपत्र दाखल करायला नियम 13 वाट ठेवतो, आणि तो नामंजुरीचा आदेश कलम 2(2) प्रमाणे हुकूमनामा मानला जातो, म्हणून त्यावर पहिले अपील चालते. परत केलेले वादपत्र योग्य न्यायालयात नेता येते; तो आदेश हुकूमनामा नाही आणि त्यावरच्या अपिलाचा रस्ता आदेश 43 चा. अनुवादात तिन्ही ठिकाणी ‘डिसमिस्ड’ आले तर अपील कोणत्या दारातून आत शिरले हेच चुकते.

त्याच घराण्यातला शब्द ‘निवाडा’. अंबरनाथ-बदलापूरकडे भूसंपादनाची कागदपत्रे चाळताना तो पानोपानी भेटतो. तिथे निवाडा म्हणजे ‘अवॉर्ड’. लोकअदालतीतला निवाडाही ‘अवॉर्ड’च, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा समजला जातो आणि त्यावर अपील नाही. त्याला ‘जजमेंट’ म्हटले तर वाचणाऱ्याच्या डोक्यात अपिलाची मुदत मोजायला सुरुवात होते.

नमुन्यातले ‘साठेखत’ही असेच निसरडे. ते ‘ॲग्रीमेंट फॉर सेल’ आहे. घाईत त्याचे ‘सेल डीड’ होते, कारण शेवटी ‘खत’ आहे आणि मजकुरात पूर्ण किंमत दिल्याचे लिहिलेले असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 स्पष्ट सांगते की विक्रीचा करार स्वतः मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर होणाऱ्या व्यवहारांना विक्री मानायला नकार दिला. गुंतागुंत अशी की, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 25 प्रमाणे ताबा देणारे साठेखत मुद्रांकापुरते अभिहस्तांतरण समजले जाते. निकालात एका ठिकाणी मुद्रांकाची चर्चा असते आणि दुसरीकडे मालकीची. अनुवादकाने पहिल्या जागी ‘कन्व्हेयन्स’ वाचून दुसरीकडेही तोच शब्द फिरवला, तर मूळ न्यायाधीशांनी ‘मालकी प्राप्त होत नाही’ म्हटलेला कागद इंग्रजीत मालकीचा कागद होऊन बसतो.

उल्हासनगरचा खास शब्द ‘निर्वासित’. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवले, तिचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले, आणि कॅम्प हे नाव पिन कोडाइतके पक्के झाले. इथल्या जुन्या मिळकतींच्या निकालांत ‘निर्वासितांची मिळकत’ असे शब्द येतात. बोली मराठीत निर्वासित म्हणजे घरदार सोडून आलेला माणूस. कायद्याच्या इंग्रजीत मात्र दोन वेगळी माणसे आहेत. ‘इव्हॅक्युई’ म्हणजे जो भारत सोडून गेला, त्याची मागे राहिलेली मालमत्ता 1950 च्या अधिनियमाखाली अभिरक्षकाकडे गेली. ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ म्हणजे जो तिकडून इथे आला, त्याला 1954 च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन अधिनियमाखाली घर किंवा भरपाई मिळाली. बराकीतल्या ब्लॉकची सनद दुसऱ्या प्रकारच्या माणसाची. ‘निर्वासितांची मिळकत’ याचे ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ केले की सीमेपलीकडे गेलेला कोणी मालक या ब्लॉकला चिकटतो आणि वादात नसलेला कायदा वादात येतो. इथे शब्दकोश मदत करत नाही. सनद काढून तिच्या डोक्यावर कोणत्या अधिनियमाचे नाव छापले आहे ते पाहावे लागते.

उलट, काही शब्द इंग्रजी करायला जाऊच नये. पंचनामा, रोजनामा, वकालतनामा, पुरशिस हे शब्द आपल्या न्यायालयाच्या इंग्रजीत पूर्वीपासून नांदत आहेत. तलाठी आणि गावठाण तर महसुलाच्या कायद्यातच बसले आहेत. पुरशिसचे ‘मेमो ऑफ स्टेटमेंट’ वगैरे केले की न्यायमूर्तींना ओळखीचा कागद अनोळखी होतो. ‘निशाणी 5 खालील आदेश’ म्हणजे ‘ऑर्डर बिलो एक्झिबिट 5’. कोणा इंग्रजाला ते विचित्र वाटेल, पण मुंबईच्या बारमध्ये त्याचा अर्थ एकच: तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावरचा आदेश. तिथे भाषा सुधारण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने दुसरे काम शोधलेले बरे.

‘वहिवाट’ हा मधल्या जातीचा शब्द. कधी ती जमिनीचा उपभोग असते, कधी वापरातला रस्ता, कधी नुसता राबता. ताब्याशी तिची गल्लत झाली तर ज्या निकालात न्यायाधीशांनी ‘वहिवाट आहे पण ताबा नाही’ असा भेद केला, तो भेद इंग्रजीत आपोआप मरतो. पहिल्यांदा येईल तिथे मराठी शब्द रोमन लिपीत ठेवून त्याचा त्या ठिकाणचा अर्थ सांगावा आणि पुढे तोच शब्द चालवावा.

एक सापळा बहुभाषिक शहरात हमखास लागतो. उल्हासनगरच्या दाव्यात सनद इंग्रजीत असते, जुन्या वह्या अरबी लिपीतल्या सिंधीत असतात, साक्षीदार हिंदीत किंवा सिंधीत बोलतो, जबाब मराठीत नोंदला जातो. न्यायाधीश मराठी निकालात इंग्रजी सनदेतल्या अटीचा मराठी तर्जुमा देतात, सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालातला परिच्छेदही मराठीत सांगतात. अनुवादक निकाल इंग्रजीत नेताना तो तर्जुमा पुन्हा इंग्रजी करतो. झाले! इंग्रजी अट इंग्रजीतच बदलली. सनदेत ‘शॅल’ होते ते ‘मे’ झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडी न बोललेले वाक्य आले. उपाय कंटाळवाणा, पण एकच आहे: निशाणीची प्रत मागवायची, मूळ अट अक्षरशः उतरवायची. न्यायाधीशांनी मराठीत तिचा अर्थ वेगळा घेतला असेल तर तळटीप देऊन दोन्ही दाखवायचे, कारण अटीचा चुकीचा अर्थ लावला हाच कदाचित अपिलाचा मुद्दा असेल.

आणि चुका. मूळ निकालात ‘प्रतिवादी’ हवे तिथे ‘वादी’ पडलेले असते, निशाणीचा क्रमांक उलटासुलटा असतो. सज्जन अनुवादक तो दुरुस्त करतो. हे त्याचे काम नाही. लेखनिकी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कलम 152 ने न्यायालयाला दिला आहे आणि त्यासाठी अर्ज करता येतो. अनुवादात चूक आहे तशी ठेवून ‘मुळाप्रमाणे’ अशी खूण करावी. मराठी वाक्यात कर्ता गाळलेला असतो तिथे मात्र इंग्रजीला कर्ता द्यावाच लागतो. ‘उलटतपासात कबूल केले आहे’ या वाक्यात कोणी कबूल केले, हे मागच्या वाक्यावरून काढावे लागते. काढलेला कर्ता चौकोनी कंसात लिहिला, तर वाचणाऱ्याला कळते की हा न्यायाधीशांचा शब्द नाही.

कॅम्प 2 मधले एक वयस्क अनुवादक तपासणीची पद्धत अशी सांगतात. इंग्रजी पूर्ण झाले की मराठी निकालावर दोन रंगांच्या पेन्सिली फिरवायच्या, एक पक्षकारांच्या म्हणण्यावर, दुसरी न्यायालयाच्या निष्कर्षावर. मग तेच इंग्रजी पानांवर करायचे. रंग जुळले नाहीत तर आवाज घसरला. नंतर दोन्हीकडच्या निशाण्यांचे क्रमांक आणि ‘सबब’ मोजायचे. शेवटी मराठी बाजूला ठेवून फक्त इंग्रजीवरून अपिलाचे मुद्दे कच्चे लिहून काढायचे आणि प्रत्येकासाठी मराठी परिच्छेदावर बोट ठेवता येते का ते पाहायचे. ज्या मुद्द्याला मराठीत जागा सापडत नाही, तो अनुवादाने घातलेला असतो. चाळीस पानांच्या निकालाला या तपासणीत अख्खा दिवस जातो. वकिलांना तो अपिलाच्या मुदतीतून कापून द्यावा लागतो, म्हणून बहुतेक वेळा तो मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या नियमांत, आदेश 8 नियम 2 मध्ये, इंग्रजीखेरीज इतर भाषेतला दस्तऐवज वापरताना उभय पक्षांना मान्य असलेला किंवा न्यायालयाने नेमलेल्या अथवा मान्य केलेल्या अनुवादकाचा अनुवाद लागतो. त्यातली उभय पक्षांच्या मान्यतेची कल्पना आपल्या न्यायालयातही निकालांच्या अनुवादापुरती रुजवता येईल. संपूर्ण अनुवाद मान्य करायला समोरचा पक्ष तयार होणार नाही. पण कारणमीमांसेतले वादाचे चार-पाच परिच्छेद दोन्ही बाजूंनी सुनावणीआधी जुळवून घ्यावेत आणि जिथे जुळत नाही तिथे दोन्ही पाठ शेजारी छापावेत, एवढे मागता येते. न्यायमूर्तींपैकी अनेकांना मराठी उत्तम येते. वादाचा परिच्छेद मराठीत समोर असेल तर ते दोन मिनिटांत ठरवतील.

आपल्याकडून नेमके हवे आहे ते असे. आपण एक परिपत्रक काढावे. त्यात परिच्छेद क्रमांक आणि निशाणी क्रमांक मुळाप्रमाणे ठेवण्याची अट असावी. कारणमीमांसेच्या प्रत्येक परिच्छेदासमोर मूळ मराठी परिच्छेद छापण्याची अट असावी, भले पाने दुप्पट होवोत. उद्धृत इंग्रजी मजकूर मूळ निशाणीवरून उतरवल्याचे अनुवादकाने लिहून द्यावे. प्रमाणपत्रात आज ‘खरा अनुवाद’ एवढेच शब्द असतात. त्यात अनुवादकाचे नाव, आणि त्याने काही गाळले, जोडले किंवा दुरुस्त केले असल्यास त्या परिच्छेदांचे क्रमांक यावेत. आपल्या मुख्य अनुवादकांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे जमलेल्या शब्दांची यादी असणारच. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी ती यादी, प्रत्येक शब्दापुढे कलम आणि नियमासह, तालुक्याच्या बार रूमपर्यंत पोचावी. पहिल्या आवृत्तीत शंभर शब्द असले तरी चालेल. त्यात निवाडा, हुकूमनामा, साठेखत, वहिवाट आणि वादपत्राची ती तीन क्रियापदे असली, तर उल्हासनगरचे अर्धे काम भागेल; ‘निर्वासित’ हा शब्द इथून सुचवला आहे असे समजावे.

कळावे,
उल्हासनगर कॅम्प 2 मधील एक अनुवादक